४७ नंबरचं घर परत आलं तेव्हा

पुरानंतरच्या सर्व्हेचं काम होतं, शिरोळकडच्या एका नदीकाठच्या गावात. गाव म्हणजे पूर्ण गाव नाही, एक वस्ती. घरांची यादी आमच्याच टीमनं करून घेतलेली, नदीकडून सुरू करून वर चढाच्या बाजूला, घर नंबर १ पाण्याच्या सगळ्यात जवळ आणि शेवटचं ७५ पार उंचावर. यादी करतानाच प्रत्येक घरात "पाणी आत आलं होतं का" एवढं विचारून ठेवलं होतं. त्यात १ ते ४० नंबरपर्यंत सलग पाणी, ४१ पासून पुढं कोरडं. आता या ७५ मधली ३० घरं निवडायची आणि तिथं मोठा फॉर्म भरायचा, एकेका फॉर्मला दीड-दोन तास.

वरच्या ऑफिसनं सूचनांचा कागद दिलेला, त्यात स्पष्ट लिहिलेलं: सर्क्युलर सिस्टिमॅटिक सॅम्पलिंग, म्हणजे ठराविक उडी घेत घरं निवडायची आणि यादी संपली की परत वरनं मोजत गोल फिरायचं. उडी म्हणजे इंटरव्हल, तो एकूण घरं भागिले सॅम्पल, जवळच्या पूर्णांकात. ७५ भागिले ३० म्हणजे अडीच. अडीचचा जवळचा पूर्णांक कुठला, दोन्ही बाजूला सारखंच अंतर, पण शाळेतली सवय असते की अर्धा आला की वर जायचं, म्हणून कागदासोबतच्या तक्त्यात ३ छापून आलेलं. रँडम स्टार्ट, म्हणजे चिठ्ठीनं ठरणारं पहिलं घर, निघाला ४७.

आमच्यातली एक पोरगी आदल्या संध्याकाळी कोल्हापुरात बसून नंबर लिहून काढत होती. ४७, ५०, ५३ असं ७४ पर्यंत गेली, पुढं ७७ येतं, त्यातनं ७५ वजा केले की २, मग ५, ८, ११ करत ४४ पर्यंत. आणि मग तिनं मान वर करून विचारलं, "सर, ४४ नंतर परत ४७च येतंय की हो, आणि माझी घरं तर पंचवीसच झालीत, राहिलेली पाच कुठनं आणू?"

मी म्हटलं परत मोज. परत पंचवीसच.

कारण अगदी साधं आहे. ७५ ला ३ नं पूर्ण भाग जातो. तीन-तीनची उडी घेत गोल फिरलं की पहिलीच फेरी बरोबर सुरुवातीच्या घरावर येऊन बंद होते आणि तुम्ही त्याच पंचवीस घरांवर फिरत राहता. स्टार्ट कुठलाही घ्या, हेच होणार. तपासायची युक्ती पण सोपी आहे, एकूण घरं आणि इंटरव्हल यांचा मसावि काढायचा, एकूण घरांना त्यानं भागायचं, उत्तर सॅम्पलपेक्षा कमी आलं तर घरं रिपीट होणार म्हणजे होणारच. इथं मसावि ३, उत्तर २५, पाहिजेत ३०. इंटरव्हल भागाकारापेक्षा मोठा घेतला नाही, म्हणजे अडीचचा २ केला, तर ही भानगड कधीच येत नाही, कारण ३० घरं घेताना तुम्ही ६० च्या आतच फिरता, चक्कर पूर्ण व्हायची वेळच येत नाही.

तेवढ्यात टीममधला एक जुना गडी म्हणाला, "कशाला गोल फिरताय, २ चा इंटरव्हल घ्या, १ किंवा २ पासून सुरू करा, तीस झाली की थांबा, विषय संपला." ऐकायला बरं वाटतं, पण कागदावर मांडून बघा. १ पासून सुरू केलं तर शेवटचं घर ५९, २ पासून केलं तर ६०. म्हणजे ६१ ते ७५ या पंधरा घरांना निवडलं जायचा चान्स शून्य, आणि ती पंधराच्या पंधरा उंचावरची कोरडी घरं. दोन्ही स्टार्टला ३० पैकी २० घरं पाण्यातली येतात, म्हणजे ६७ टक्के. खरा आकडा ७५ पैकी ४०, म्हणजे ५३ टक्के. कितीही वेळा चिठ्ठी काढा, उत्तर ६७च येणार, आणि दर वेळी तेच येतंय म्हणून माणसाला वाटणार की आपलं सॅम्पल लई भारी आहे! याच साध्या पद्धतीत ३ चा इंटरव्हल घेतला तर चुकीच्या बाजूला झुकणार नाही, पण घरं पंचवीसच मिळणार.

गोल फिरायची ही पद्धत इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या डी. बी. लाहिरींनी पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला मांडली, आणि नॅशनल सॅम्पल सर्व्हेत घरं निवडायला ती पुढं भरपूर वापरली गेली. तिच्यातली खरी मेख स्टार्टमध्ये आहे. स्टार्ट १ ते २ मधनं नाही, १ ते ७५ मधनं काढायचा. कुठलंही एक घर धरा, ते सॅम्पलमध्ये पहिलं येऊ शकतं, दुसरं येऊ शकतं, असं तिसावं येऊ शकतं, आणि प्रत्येक जागेसाठी एक वेगळा स्टार्ट लागतो. म्हणजे ७५ पैकी ३० स्टार्टला ते घर येणार, मग ते नदीकाठचं असो नाहीतर टेकाडावरचं. भागाकार पूर्ण असो नसो, सगळ्यांना चान्स सारखा.

मी वरच्या साहेबांना फोन लावला. ते म्हणाले पद्धत बदलायची नाही, इंटरव्हल २ करा आणि स्टार्ट ४७च ठेवा. बरोबर होतं त्यांचं, स्टार्ट एकदा निघाला की आवडला नाही म्हणून बदलायचा नसतो. मग ४७, ४९ करत ७५ पर्यंत पंधरा घरं, पुढं २ पासून ३० पर्यंत पंधरा. तीस झाली.

पण यादीवर खुणा केल्या आणि मला जरा टोचलं. ३१ ते ४६ ही सोळा घरं सलग सुटली होती, मधलं एकही नाही. आणि पाणी कुठं थांबलं होतं? ४० वर. म्हणजे उंबऱ्यापर्यंत आलं, अर्ध्या घरात शिरलं, अशी जी घरं ऐकण्यासारखी होती तीच नेमकी खड्ड्यात गेली. हे २ च्या इंटरव्हलचं दुखणं आहे, तीस दुणे साठ, राहिलेल्या पंधराएक घरांची मोकळी जागा कुठंतरी पडणारच, फक्त कुठं ते चिठ्ठी ठरवते. आमच्या सॅम्पलमध्ये पाण्यातली घरं १५ आली, ५० टक्के. ७५ च्या ७५ स्टार्टची सरासरी बरोबर ५३ येते, पण एकेक सॅम्पल ४० पासून ६७ पर्यंत कुठंही जातं.

रात्री मी नुसतं बघायला म्हणून अपूर्णांकाचा इंटरव्हल लावून बघितला. अडीचला अडीचच ठेवायचं, ० ते २.५ मधला एक रँडम आकडा घ्यायचा, त्यात अडीच-अडीच मिळवत जायचं आणि प्रत्येक वेळी वरचा पूर्णांक धरायचा. १.७ निघाला तर १.७, ४.२, ६.७, ९.२, म्हणजे घरं २, ५, ७, १०, कधी तीननं उडी कधी दोननं, आणि शेवटचं ७५. चान्स इथंही सगळ्यांना सारखाच, घरं बरोबर तीस, आणि खड्डा कुठंच नाही. आमच्या यादीवर कुठलाही आकडा घेतला तरी पाण्यातली घरं १६च येत होती, म्हणजे ५३ टक्के. आता ४० ला अडीचनं पूर्ण भाग जातो म्हणून एवढं चपखल बसलं, ४१ वर पाणी थांबलं असतं तर कधी १६ कधी १७ आली असती, पण तरी फरक केवढा! यादी नदीपासून चढाकडं अशी क्रमानं लावलेली असली की मला हीच पद्धत पटते. साहेबांना कळवलं, ते म्हणाले पुढच्या राउंडला बघू.

पुढच्या वस्तीत घरं निघाली ६८. भागाकार २.२७, इंटरव्हल २, मसावि २, ६८ भागिले २ म्हणजे ३४, तीसपेक्षा जास्त, रिपीटची भीती नाही. पोरगीच म्हणाली यावेळी, "सर, पण एकूण घरं सम आणि उडी दोनची, मग सगळे नंबर एकतर सम येणार नाहीतर विषम." आणि यादी करणाऱ्यानं गल्लीत डावीकडचं एक, उजवीकडचं एक असे नंबर टाकलेले, विषम सगळी ओढ्याच्या बाजूची. मग स्टार्ट काढायच्या आधीच यादी परत लिहायला बसलो, आधी एक बाजू पूर्ण खालून वर, मग दुसरी वरून खाली.