उभा रेषा

दुपारी देवघराच्या फळीला एक खिळा ठोकायचा होता. ठोकण्याआधी मी तो उलटा धरला आणि टोकावरच हातोडीचा हलका ठोका दिला. "होती ती धारही घालवलीस," बायको म्हणाली. आता हिला दिन्या कुठून सांगत बसू?

सातवीत आमच्या बाकाची बैठक एका बाजूने खाली आली. बैठकीची फळी ज्या आडव्या पट्टीवर टेकते, ती पट्टीच मोडली होती. तक्रार केली असती तर ‘बाकावर नाचलं कोण?’ हा प्रश्न आला असता. म्हणून दिन्याने परस्पर दुरुस्ती हाती घेतली. मागच्या पडवीत मोडक्या कपाटाची फळी पडली होती, चांगली ९ इंच रुंद. पट्टीही ९ इंचांचीच हवी. दिन्याने फळीच्या टोकाचा २ इंचांचा तुकडा आडवा कापला. एका कापात काम! वर दोघे बसलो, ठीक. तिसरा बसला आणि पट्टी बिस्किटासारखी तुटली.

शिपाईमामांनी तुकडे उचलून दिन्यापुढे धरले. "बघ, एक तरी कुसळ निघालंय का? लाकूड मोडतं तेव्हा कुसळं उभी राहतात. हे मोडलं नाही, नुसतं सुटलंय."

लाकडाचा रेषा म्हणजे त्याचा तंतू, तो धावतो फळीच्या लांबीने. दिन्याच्या पट्टीत तो आडवा पडला होता, २ इंचांत संपलेला. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकही रेषा सलग नाही, मग वजन पेलणार कोण? मामांनी फळीचा ९ इंच लांब तुकडा पाडायला लावला आणि त्यातून २ इंचांची पट्टी उभी चिरायला सांगितली. उभं चिरणं म्हणजे शिक्षाच. आमची मधली सुट्टी त्यात गेली, डबे तसेच राहिले.

खिळ्याचं टोक बोथट करायचं तेव्हाच कळलं. टोकदार खिळा रेषांमध्ये शिरून त्यांना दोन्हीकडे रेटतो, आणि पट्टीच्या कडेला तर हमखास चीर जाते. बोथट खिळा समोरचे रेषे चिरडत आत जातो. शिवाय दोन खिळे एकाच रेषावर मारायचे नाहीत, थोडे मागेपुढे मारायचे.

बाक उभा राहिला. दुरुस्तीचा हक्क म्हणून दिन्याने करकटकाने त्यावर नाव कोरलं. शिरोरेषा लाकडाच्या रेषाबरोबर सुळकन गेली, हवी त्याच्या बोटभर पुढेच. काने-वेलांट्यांना मात्र प्रत्येक रेषा तोडत जावं लागलं, कडा सगळ्या फुसफुशीत. मग आम्ही वर्गभर हिंडून जुनी नावं तपासली. सगळ्यांच्याच शिरोरेषा लांबलेल्या! इंग्रजीत नाव कोरणाऱ्याचं काय होत असेल, कोण जाणे. आमच्या वर्गात तेवढं इंग्रजी कोणाला येत नव्हतं.