एका बाईची तीन नावं आणि ओसीआयची फाइल

आम्ही न्यू जर्सीत राहतो. अमेरिकन नागरिकत्वाची शपथ झाली, आमचे भारतीय पासपोर्ट सरेंडर करून झाले आणि मग आम्ही दोघे आणि मुलगा अशा तिघांचे ओसीआयचे, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं त्या कार्डाचे, अर्ज भरले. नवऱ्याची फाइल एका झटक्यात पुढे सरकली. माझी परत आली. सोबतच्या चिठ्ठीत एवढंच होतं की कागदपत्रांवरची नावं जुळत नाहीत.

नावं जुळणार तरी कशी? माझा भारतीय पासपोर्ट लग्नाआधी काढलेला. त्यात 'गिव्हन नेम'च्या रकान्यात माझं आणि वडिलांचं नाव एकापाठोपाठ एक, आणि आडनाव माहेरचं. लग्नाच्या दाखल्यावर लग्नानंतरचं नाव म्हणून माझं नाव, नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. नागरिकत्वाच्या अर्जात मी मधलं नाव गाळलं होतं, म्हणून त्या प्रमाणपत्रावर आणि अमेरिकन पासपोर्टवर फक्त माझं नाव आणि सासरचं आडनाव. आपल्याकडे वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं नाव येण्यात कोणाला काही वाटत नाही. फाइल तपासणाऱ्या माणसाला मात्र त्या तीन वेगळ्या बायका दिसतात.

पुन्हा फाइल लावताना मी वर एक कव्हर लेटर जोडलं. कागदपत्रांच्या यादीत ते मागितलेलं नव्हतं. पहिला मसुदा दोन पानांचा झाला होता, त्यात मी भारतातून कधी आले इथपासून कथा होती. नवरा म्हणाला, "अगं, हे वाचणार कोण?" मग एका पानावर आणलं. पत्र इंग्रजीतच होतं, पण त्याचा गाभा मराठीत सांगायचा तर असा:

'माझी तीन कागदपत्रांवर तीन नावं आहेत, व्यक्ती एकच आहे. अनुक्रमांक ३, रद्द झालेला भारतीय पासपोर्ट: लग्नाआधीचं नाव. अनुक्रमांक ५, विवाह नोंदणी प्रमाणपत्र: लग्नाआधीचं आणि नंतरचं, दोन्ही नावं. अनुक्रमांक २, नागरिकत्वाचं प्रमाणपत्र: सध्याचं नाव, मधलं नाव वगळून. जन्मतारीख ५ ऑगस्ट, सर्व कागदांवर तीच.'

त्याखाली अर्जापासून पत्त्याच्या पुराव्यापर्यंतची यादी. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने तोच अनुक्रमांक घातला, म्हणजे पत्रात '५' वाचलं की हात सरळ पाचव्या कागदावर जातो. महिना अक्षरात लिहिला तो मुद्दाम. ओसीआयच्या अर्जात आधी दिवस आणि मग महिना असतो, इथल्या सवयीत आधी महिना. ०५/०८ लिहिलं की इथल्या वाचणाऱ्याला ती ८ मे वाटते.

जुन्या पासपोर्टबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण तिथेही मी चुकले होते. मुदत संपलेला पासपोर्ट म्हणजे निकालात निघालेला कागद, असा माझा समज होता. तसं नसतं. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की मुदत संपलेला पासपोर्टही सरेंडर करावा लागतो. तो रद्द होऊन परत मिळतो आणि सोबत सरेंडर सर्टिफिकेट येतं. फाइलमध्ये दोन्हीच्या प्रती हव्यात. पहिल्या खेपेला मी फक्त फोटोचं पान जोडलं होतं. वडिलांचं, आईचं नाव आणि जुना पत्ता शेवटच्या पानावर असतो. वडिलांचं नाव तिथे स्वतंत्र ओळीत आहे, त्यामुळे माझ्या नावाला चिकटलेला दुसरा शब्द कोणाचा हे आपोआप उलगडतं. दुसऱ्या खेपेला ते पानही लावलं, आणि ऑनलाइन अर्जात 'नाव कधी बदललं आहे का' या प्रश्नाला हो म्हणून जुनं नाव लिहिलं. आधी मी तिथे बिनधास्त 'नाही' भरलं होतं. लग्नानंतर आडनाव बदललं त्याला मी नाव बदलणं समजतच नव्हते!

मुलाचा अर्ज सोपा वाटला होता. तो इथेच जन्मला, त्याचा भारतीय पासपोर्ट कधी नव्हताच, त्याचा हक्क आमच्यावरून येतो. पण इथल्या जन्मदाखल्यावर आईचं नाव लग्नाआधीचं लिहितात. म्हणजे दाखल्यावरची आई माहेरच्या आडनावाची आणि सोबत जोडलेल्या पासपोर्टवरची आई सासरच्या. त्याच्या फाइलमध्येही आमच्या लग्नाचा दाखला आणि माझ्या रद्द पासपोर्टची प्रत घातली, आणि पत्रात एक ओळ वाढवली: 'जन्मदाखल्यावर असलेली आई आणि अनुक्रमांक ४ च्या पासपोर्टवरची व्यक्ती एकच.' तिघांच्या फाइली वेगळ्या ठेवल्या. नवऱ्याच्या फाइलमध्ये दाखला आहे म्हणून माझ्यात नको, असं चालत नाही, प्रत्येक अर्ज स्वतंत्र वाचला जातो.

या वेळी फाइल परत आली नाही. कार्डं आली तेव्हा मी आधी नाव वाचलं. अमेरिकन पासपोर्टवर आहे तसंच होतं, मधे ना वडील, ना नवरा. सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "अगं, अर्धंच नाव छापलंय की!"