शापोरा किल्ल्यावर ग्रुप नेणाऱ्या नव्या व्हॉलंटियरांसाठी

पावसाळा संपल्यावर नव्या मुलामुलींना घेऊन आम्ही परवा शापोऱ्याचा किल्ला चढून आलो, आणि वर उभं राहून जे जे बोलणं झालं ते पुढच्या तुकडीला पण उपयोगी पडावं म्हणून इथे लिहितोय. म्हापशाहून वागातोर दहा-एक किलोमीटर, गाडी खाली लावायची आणि पायी चढायचं. चढ मोठा नाही, पण उभा आहे आणि घोळ सगळा उतरताना होतो.

ग्रुप आम्ही चार वाजता वर घेतला. नोव्हेंबरात सूर्य साधारण सहाला बुडतो आणि त्यानंतर वीसेक मिनिटांत आपल्याकडे पायाखालचं नीट दिसेनासं होतं. वर आलेला जवळपास प्रत्येक माणूस सूर्यास्त बघायलाच आलेला असतो, म्हणजे सगळे एकाच वेळी काळोखात उतरायला लागतात, आणि वाटेवर जांभ्याची बारीक खडी पसरलेली असते, पायाखाली सुपारी आल्यासारखा पाय सटकतो. म्हणून ग्रुपला खालीच सांगून टाका की सूर्य पाण्याला टेकायच्या आधी आपण उतरायला लागणार, आणि ज्यांना शेवटपर्यंत थांबायचंच आहे त्यांच्यासोबत एक व्हॉलंटियर आणि खरी टॉर्च ठेवा, मोबाईलचा लाईट नको, कारण मग एक हात अडकतो आणि पडताना सावरायला तोच हात लागतो. चपला आणि स्लिपर घालून आलेल्यांना खालीच थांबवायचं, वाईट वाटलं तरी. पाणी वर मिळत नाही, ते पण खालीच सांगा.

आता तटाचं. हा सगळा जांभा, आपला चिरा. खाणीतून काढताना मऊ असतो, हवेत कडक होतो, पण छिद्रं राहतातच आणि चार महिने पाऊस आत मुरतो. सांध्यातला चुना जिथे गेलाय तिथे गवत आणि पिंपळाची मुळं शिरतात आणि चिरा जागेवर असल्यासारखा दिसतो पण धरलेला कशानेच नसतो. ओळखायचं असं की तटाच्या माथ्यावर कडेला समांतर जाणारी गवताची सरळ रेघ दिसली तर ती भेग समजा, तिच्या पलीकडे कोणालाच जाऊ देऊ नका. परवा एक जोडपं नेमकं तसल्याच जागी बसून फोटो काढत होतं, ते आमच्या ग्रुपमधले नव्हते, पण आमच्यातल्या एका मुलीने जाऊन शांतपणे एवढंच सांगितलं की ‘दादा, ही भेग बघा, तिकडून फोटो जास्त चांगला येतो’ आणि त्यांना रुंद भागाकडे नेलं. ओरडलं की माणूस दचकतो आणि कडेवर दचकणं वाईट. बुरुजांत तोफांसाठी मोठे झरोके आहेत, लहान पोरं त्यात चढून बसतात, पलीकडे थेट उतार आहे, त्यामुळे मुलं असलेल्या ग्रुपमध्ये एका व्हॉलंटियरचं काम फक्त तेवढंच.

भुयाराचं तोंड म्हणून लोक दाखवतात तिथे कोणी आत जाणार नाही, प्रश्नच नाही. सापही असू शकतो आणि वरचा चिरा कधी बसेल सांगता येत नाही. ऑक्टोबरात दुपारनंतर ढग काळे झाले आणि लांबून गडगडलं तर ग्रुप खाली घ्यायचा, वर उघडा सडा आहे, आसरा नाही, झाडाखाली थांबायचं तर अजिबात नाही.

मग प्रश्न. सर्वात जास्त येणारा आणि सर्वात नाजूक असा की ‘हा किल्ला आमचा की पोर्तुगीजांचा?’ परवा पण आला, कोल्हापूरकडचे एक काका होते, म्हणाले हा संभाजी महाराजांनी घेतलेला किल्ला, तुम्ही पोर्तुगीजांचं नाव कशाला घेता. इथे पाठ केलेलं भाषण करू नका आणि वादही घालू नका. आधी त्यांचं जे बरोबर आहे ते मोकळेपणाने मान्य करा. 1683 च्या डिसेंबरात संभाजी महाराजांच्या फौजा बार्देशात आणि साष्टीत शिरल्या, त्या मोहिमेत शापोरा मराठ्यांकडे आला, गोव्याची पोर्तुगीज सत्ता तेव्हा खरोखर संकटात होती. मग जानेवारी 1684 मध्ये औरंगजेबाचा मुलगा शाह आलम मोठी फौज घेऊन रामघाटाने खाली उतरला आणि मराठ्यांना मागे फिरावं लागलं. हे सगळं सांगून झालं की मग हात तटाला लावून सांगायचं की काका, हा जो तट आपण बघतोय तो बहुतेक 1717 मधला, पोर्तुगीजांनी नव्याने बांधलेला, म्हणजे महाराजांच्या माणसांनी जो घेतला तो याच्या आधीचा किल्ला, जागा हीच. काका थोडा वेळ गप्प राहिले, मग त्यांनीच विचारलं की मग हा तट कोणी जिंकला का कधी. जिंकला ना, 1739 मध्ये सावंतवाडीच्या भोसल्यांनी, आणि 1741 मध्ये तो परत पोर्तुगीजांकडे गेला. तिथून पुढे ते स्वतःच बारीक बारीक प्रश्न विचारायला लागले.

हे समजावताना उत्तरेच्या तटावर उभं राहा, कारण उत्तर डोळ्यांसमोर असतं. खाली शापोरा नदी, पलीकडे मोरजी म्हणजे पेडणे. नदीच्या या बाजूचं बार्देश 1543 पासून पोर्तुगीजांचं, पलीकडे दुसऱ्याचं राज्य, म्हणून इथे किल्ला. 1788 मध्ये पेडणे पोर्तुगीजांना मिळालं आणि सरहद्दच वर सरकली, मग या तोफांनी कोणावर नेम धरायचा? हळूहळू महत्त्व गेलं आणि 1892 मध्ये किल्ला सोडून दिला. शिवाजी महाराजांनी बांधला का असंही विचारतात, तर नाही, आणि महाराजांचं गोव्यातलं बांधकाम बघायचं असेल तर नार्व्याला जा म्हणून सांगा, सप्तकोटेश्वराचं देऊळ त्यांनी 1668 मध्ये नव्याने बांधून घेतलं.

धर्मांतराचा प्रश्न टाळू नका, टाळलं की लोकांना वाटतं काहीतरी लपवताय. सरळ सांगा की इन्क्विझिशन गोव्यात 1560 मध्ये आलं आणि मधली 1774 ते 1778 ही वर्षं सोडली तर 1812 पर्यंत चाललं, बसायचं जुन्या गोव्यात, या किल्ल्यात नाही. ग्रुपमध्ये ख्रिश्चन लोक असतात, खालच्या गावातही आहेत, त्यांच्याकडे वळून कोणी जाब विचारल्यासारखं बोलायला लागलं तर तिथेच थांबवा, चारशे वर्षांपूर्वीचा हिशेब शेजारी उभ्या असलेल्या बाईकडे मागायचा नसतो. आत सेंट अँथनीचं चर्च होतं, आता त्याचं काही उरलेलं नाही. उतारावर मुसलमानी कबरी आहेत, त्यांच्यावर कोणाला बसू देऊ नका, आणि त्या कोणाच्या असं विचारलं तर ऐकीव नावं सांगू नका.

2001 च्या ‘दिल चाहता है’ सिनेमाची जागा कुठली हे तर विचारणारच, दाखवा, त्यात कमीपणा नाही, फक्त तटाच्या कडेवर बसायची नक्कल करू देऊ नका. पार्टी आणि ‘माल’ कुठे मिळतो असं विचारणारे पण भेटतील, तिथे एकच वाक्य, मला माहीत नाही आणि मी किल्ल्याबद्दलच सांगतो, आणि पुढच्या माणसाकडे वळायचं.

कोणाचा पाय मुरगळला तर त्याला लगेच उभं करू नका, बूट तसाच ठेवून पट्टी बांधा आणि पायावर भार देता येतो का बघा, चार पावलं टाकता येत नसतील तर हाड मोडलंय असं धरून चला. 108 ला फोन करताना ‘शापोरा किल्ला’ एवढ्यावर थांबू नका, वागातोरकडच्या बाजूला आहोत की शापोरा गावाकडच्या हे सांगा, दोन्हीकडून वाट आहे आणि ॲम्ब्युलन्स चुकीच्या पायथ्याला गेली तर बराच वेळ जातो. एक जण खाली जाऊन रस्त्यावर उभा राहील, बाकीचे वर पेशंटपाशी आणि उरलेला ग्रुप एका जागी बसवून ठेवायचा.