दहा हजारांपायी अडलेले दोन लाख

सोमवारी शाखा उघडून दहा मिनिटंही झाली नव्हती, तोच पशुखाद्याचं दुकान चालवणारे काका काउंटरवर आले. एका हातात पासबुक, दुसऱ्या हातात परत आलेल्या चेकचा मेमो. पुरवठादाराला दिलेला ९२,००० रुपयांचा चेक वटला नव्हता, आणि पासबुकात शिल्लक होती २,१४,३६०.

"मॅडम, पैसे हायेत की खात्यात. मग चेक परत कसा गेला?"

मी खातं उघडलं. डेबिट फ्रीझ लागलेला होता. म्हणजे खात्यात पैसे जमा होत होते, पण बाहेर एक रुपयाही जात नव्हता. चेक, एटीएम, यूपीआय, टेम्पोच्या कर्जाचा हप्ता, सगळंच बंद.

अशा वेळी मी आधी एकच गोष्ट शोधते, आदेश कुणाचा आहे. आयकर, जीएसटी, भविष्यनिर्वाह निधी, दिवाणी न्यायालय, पोलीस, यांपैकी कुणीही खातं अडवू शकतं आणि सुटकेसाठी त्यांच्याकडेच जावं लागतं. अशा आदेशानं लागलेला अडथळा बँक आपल्या मनानं काढू शकत नाही. म्हणून ग्राहकानं शाखेत भांडत बसण्यापेक्षा लेखी अर्ज देऊन आदेशाचा तपशील मागावा.

शुक्रवारी संध्याकाळी आलेला मेल सापडला. सायबर फसवणुकीची तक्रार, दुसऱ्या राज्यातली. त्यात तक्रारीचा पोचक्रमांक, पोलीस ठाणं, व्यवहाराची तारीख, त्या व्यवहाराची ओळख असलेला यूटीआर क्रमांक आणि वादातली रक्कम होती: १०,०००.

काकांना कळेना की आपला काय संबंध. मी कागदावर चौकोन काढून दाखवलं. फसवलेला माणूस सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करतो. त्याचे पैसे ज्या ज्या खात्यांतून फिरले, त्या प्रत्येक बँकेला सूचना जाते. चोर पहिल्या खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पैसे सरकवतो आणि शेवटी कुठल्यातरी भल्या माणसाच्या क्यूआर कोडवर पाठवून रोख उचलतो. त्या शेवटच्या चौकोनात काकांचं दुकान होतं.

तारीख सांगितल्यावर त्यांना आठवलं. एक अनोळखी पोरगा सरकी पेंडीची दोन पोती घ्यायला आला होता. बिल ३,६०० चं. त्यानं १०,००० ऑनलाइन टाकले आणि "एटीएम बंद आहे, वरचे रोख द्या" म्हणाला. काकांनी ६,४०० गल्ल्यातून मोजून दिले. बिलबुकातली कार्बन प्रत त्यांनी घरून आणून दाखवली. निळी, पुसट, पण तारीख आणि ३,६०० हा आकडा स्पष्ट. उरलेल्या ६,४०० चा कुठेच कागद नव्हता.

मेल पुन्हा वाचला तेव्हा आमची चूक दिसली. मागणी फक्त १०,००० रुपये रोखायची होती. म्हणजे तेवढ्या रकमेवर लीन लावायचं, बाकीची शिल्लक मोकळी. घाईत शाखेनं सगळं खातंच गोठवलं होतं. मला फार वाईट वाटलं. वादग्रस्त रकमेपुरतंच खातं रोखावं, असं केरळ उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये सांगितलेलं आहे, आणि इथे तर आदेशही तेवढ्याच रकमेचा होता. मुख्य कार्यालयाच्या नोडल अधिकाऱ्याला मेल टाकला, दुपारी फ्रीझ निघून १०,००० चं लीन लागलं आणि २,०४,३६० मोकळे झाले. चेक खातं गोठल्यामुळे परत गेला, पैशाअभावी नव्हे, असं पत्र पुरवठादारासाठी दिलं.

राहिले दहा हजार. काकांनी तपास अधिकाऱ्याला मेल केला. पोचक्रमांक, यूटीआर, बिलाची प्रत, तीन महिन्यांचं स्टेटमेंट, आधार, दुकानाचा परवाना, सगळं जोडलं. ६,४०० चं काय लिहायचं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, घडलं तसंच लिहा. दहा हजारांचं खोटं बिल करणं हाच खरा धोका. तपासात दुकानाचा साठा आणि बिलबुक पाहिलं जातं. पोरगा कसा दिसत होता आणि दुकानातल्या कॅमेऱ्याचं चित्रण शिल्लक आहे का, हेही लिहायला सांगितलं. "लीन काढून देतो, इतके पाठवा" असा फोन आला तर एक रुपयाही देऊ नका, हेही बजावलं.

दोन आठवडे उत्तर नाही. मग आठवणीचा मेल. तरीही काही झालं नसतं, तर वकिलामार्फत त्या ठाण्याच्या हद्दीतल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज करावा लागला असता. दहा हजारांसाठी परराज्यात जायचं तर खर्चच त्याहून मोठा. सुदैवानं पाचव्या आठवड्यात अधिकाऱ्यानं फोनवर जबाब घेतला आणि हरकत नसल्याचा मेल थेट आमच्या नोडल अधिकाऱ्याला पाठवला. असा मेल ग्राहकाच्या हाती येऊन भागत नाही. बँक तो ठाण्याच्या अधिकृत पत्त्यावरून आलाय का हे बघते.

लीन काढून मी काकांना फोन केला. ते म्हणाले, "लेखी द्या." मी शिक्क्यासह पत्र दिलं. त्यांनी ते बिलबुकात, त्या निळ्या कार्बन प्रतीच्या मागे चिकटवून ठेवलंय.