गुहागर: जांभ्याचं घर बुक करण्याआधी कोपऱ्याचा फोटो मागा

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आईला घेऊन ठाण्याहून गुहागरला जाऊन आले. चार दिवस, तीन मुक्काम. आईचं बालपण दापोलीकडच्या एका चिरेबंदी घरात गेलं. ते घर आता नाही. तशाच घरात एकदा राहायचं, एवढीच तिची इच्छा होती. म्हणून मी रीतसर शोधून, फोटो बघून, ‘जांभ्याचं जुनं कौलारू घर’ असं लिहिलेली जागा निवडली. साध्या खोलीचा दर रात्रीला ३६०० रुपये होता आणि या घराचा ४८००. वरचे १२०० कशाचे, असं फोनवर विचारलं तर उत्तर आलं, “मॅडम, ओरिजिनल चिऱ्याचं घर आहे.” दोन रात्रींचे अर्धे पैसे आधीच भरले.

ते घर चिऱ्याचं, म्हणजे जांभ्याच्या घडीव दगडांचं, नव्हतं. सिमेंटचे खांब, विटांच्या भिंती, त्यावर जांभ्याच्या इंचभर जाडीच्या फरश्या चिकटवलेल्या आणि वर कौलाच्या आकाराचा लाल पत्रा. आईला दारातच कळलं. ओटीवर पाय ठेवून तिने भिंतीला हात लावला आणि म्हणाली, “हे नुसतं अंगरखा घातल्यासारखं आहे.” मालकाशी मी तासभर वाद घातला. त्यांचं म्हणणं, जांभा लावलेला आहे म्हणजे जांभ्याचंच घर. पैसे परत मिळाले नाहीत. खोली स्वच्छ होती, जेवणही बरं होतं, पण १२०० रुपये रोज ज्या गोष्टीसाठी घेतले ती गोष्ट तिथे नव्हती. माझ्या मते ही सरळ फसवणूक आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी एकटीच गावातल्या खालचा पाट या भागाकडे चालत निघाले. गुहागरची रचना एकदा समजली की वाट चुकत नाही. किनाऱ्याला समांतर एकच लांब रस्ता आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना घरं आहेत आणि समुद्राकडच्या घरांच्या मागे नारळी-पोफळीच्या वाड्या थेट पुळणीपर्यंत जातात. जाऊन-येऊन सात-आठ किलोमीटर होतात. पाणी दोन लिटर घ्या आणि नऊच्या आत परता. मी साडेअकराला परतले आणि उरलेला दिवस डोकेदुखीत गेला.

पहिला तासभर मी लाल भिंती शोधत होते आणि तीच माझी चूक होती. लाल दिसली ती बहुतेक नवी बांधकामं निघाली, किंवा गेरूसारखा रंग फासलेली. देवळाच्या अलीकडे एका घराचं छप्पर उतरवणं चालू होतं. तिथले गवंडीकाका मला दोनदा जाता-येता बघून म्हणाले, “ताई, रंग काय बघता? कोपरा बघा.” मग त्यांनी शेजारचंच घर दाखवलं. मी ते साधं चुन्याने रंगवलेलं घर म्हणून सोडून पुढे गेले होते. ते घर पूर्ण चिऱ्याचं होतं.

ते घर नीट सांगते, कारण बाकीची सगळी घरं मला त्याच्यावरून कळली.

समोरून भिंत पांढरी. पण जोतं उघडं होतं आणि त्यात चिरे स्पष्ट दिसत होते, एकेक साधारण सव्वा फूट लांब आणि पाऊण फूट रुंद. रंग लाल म्हणावा असा नव्हताच. खालचे दोन थर काळपट तपकिरी होते आणि त्यावर वाळलेल्या शेवाळाची पापुद्र्यासारखी साय होती. जांभा खाणीतून निघतो तेव्हा ताजा, नारिंगी-लाल असतो, त्यात पिवळे आणि पांढरट मातीचे डागही असतात. बरीच वर्षं पाऊस खाल्ला की तो वरून काळवंडतो. म्हणून जुन्या घराचा गडद रंग एकसारखा कधीच नसतो. पावळीखालचा, म्हणजे छपराच्या पाणी गळणाऱ्या कडेखालचा थर सगळ्यात काळा, ओटीच्या आतला सगळ्यात लाल. भिंत वरपासून खालपर्यंत एकाच गडद लाल छटेची दिसली तर तो हाताने दिलेला रंग समजा.

घराच्या मागे, विहिरीच्या बाजूला, गिलावा पडला होता. तिथे काकांनी मला कोपरा दाखवला. एका थरात चिऱ्याची लांब बाजू माझ्याकडे, तर कोपऱ्यापलीकडे त्याच दगडाची आखूड बाजू. वरच्या थरात बरोबर उलटं. याला ते सांधेमोड म्हणतात. एकच दगड कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना दिसतो आणि त्याची भोकंही वळून पलीकडे जातात. चिकटवलेल्या फरशीत हे जमत नाही. तिथे कोपऱ्याच्या धारेवर वरपासून खालपर्यंत एक उभी सांध असते, किंवा ती झाकायला सिमेंटची पट्टी मारलेली असते. आमच्या खोलीच्या कोपऱ्याला अशी सांध होती. संध्याकाळी जाऊन मुद्दाम बघितली, तर तिच्यात नख जात होतं.

खिडकीही बघा. या घरात खिडकीच्या आत हात घातला तर कोपरापर्यंत भिंतीतच राहिला. आमच्या ‘ओरिजिनल’ घरात भिंतीची जाडी वीतभर होती.

मग असल्या चांगल्या दगडावर गिलावा का, हा प्रश्न मला पडलाच. घरातल्या आजींनी त्याचं उत्तर दिलं. जांभा सच्छिद्र असतो, पाणी पितो. समुद्राकडून येणारी पावसाची झड पश्चिमेच्या भिंतीवर चार महिने आदळते, आणि चिरा हलक्या प्रतीचा असेल तर आतून ओल येते, कडा झडतात. म्हणून ऐपत असलेल्यांनी गिलावा केला, बाकीचे पावसाआधी झावळ्यांची झापं उभी करून ती बाजू झाकत. म्हणजे उघडा लाल दगड हा अस्सलपणाचा पुरावा नाही, आणि पांढरी भिंत हा नकलीपणाचाही नाही. रस्त्यावरून चालताना आधी जोतं बघा, मग आवाराचा गडगा, मग विहिरीचा काठ आणि पाखाडीच्या पायऱ्या. ही चारही जांभ्याची असतील आणि काळवंडलेली असतील, तर भिंत पांढरी असली तरी आत चिरा असण्याची शक्यता मोठी. फक्त शक्यताच, कारण जोतं चिऱ्याचं आणि वरची भिंत मातीची अशीही जुनी घरं आहेत. खात्री कोपऱ्यावर आणि खिडकीतच होते.

छपराचं वेगळं. तिथे मे महिन्याने मला मदत केली, कारण पावसाआधी कौलं परतायची कामं घरोघरी चालू होती. काकांनी उतरवलेलं एक कौल माझ्या हातात दिलं. चांगलं अडीच-तीन किलोचं, वरून काळं, आतून केशरी, आणि खालच्या बाजूला कारखान्याच्या नावाचा उठावदार ठसा. हे मंगलोरी कौल. १८६५ मध्ये बाझल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेने मंगळूरला याचा कारखाना काढला आणि नंतर ही कौलं किनारपट्टीवर सगळीकडे पसरली. त्याआधी कुंभाराने केलेली अर्धगोल नळीची कौलं किंवा गवताचं छप्पर असे. त्यामुळे भिंत खूप जुनी आणि कौल मात्र नंतरचं, असं अगदी सहज असू शकतं.

खरं कौलारू छप्पर खाली उभं राहून ओळखायचं असेल तर पावळीच्या खाली जा आणि वर बघा. लाकडी वाशांची टोकं, त्यावर रिपा, त्यावर कौलांच्या सुट्या कडा दिसल्या पाहिजेत. सिमेंटच्या जाड स्लॅबची कड दिसली तर कौलं वरून चिकटवलेली आहेत. पत्रा असेल तर ओळी आढ्यापासून पावळीपर्यंत सरळ रेषेत, न तुटता येतात. खोलीत आत झोपून वर बघितलं की खऱ्या कौलांतून उजेडाच्या बारीक टिकल्या दिसतात. एखादं काचेचं कौलही असतं.

एक गोष्ट मात्र पत्र्यावाल्यांच्या बाजूने सांगते. आजींच्या शेजारच्या घरावर निळा पत्रा होता, म्हणून मी ते घर मनातून खोडलं होतं. आत गेले तर भिंती चिऱ्याच्या, वासे जुने. माकडं छपरावर उड्या मारून दर वर्षी कौलं फोडत होती आणि परतायला माणसं मिळत नव्हती, म्हणून तीन वर्षांपूर्वी त्यांनी पत्रा घातला. अशा घरात राहायला मिळालं तर राहा. उन्हाळ्यात दुपारी आत गरम होतं आणि पावसात बोलणं ऐकू येत नाही, पण घर खरं आहे.

तिसरा दिवस व्याडेश्वराच्या देवळात आणि समुद्रावर गेला. छान गेला.

आता ठाणे-नवी मुंबईकडच्यांसाठी. आपल्या पायाखाली काळा दगड आहे. मुंब्र्याचा डोंगर बघा, तो काळाच. इथल्या जुन्या घरांची जोती काळ्या दगडाची, वर विटा आणि लाकूड, छपराला कौल. जवळ जांभा बघायचा तर माथेरान, तिथल्या लाल वाटा त्याच्याच. त्यामुळे घोडबंदर रोडवर किंवा नेरूळ-बेलापूरला लाल चिऱ्याची हॉटेलं दिसतात तो दगड दक्षिण कोकणातून ट्रकने आलेला, आणि बहुतेक ठिकाणी फक्त वरून लावलेला. सराव करायला मात्र ती उत्तम आहेत. कोपऱ्यापाशी उभं राहा, उभी सांध लगेच दिसेल.

जायला ठाण्याहून चिपळूणपर्यंत रेल्वे आणि पुढे गुहागरची एसटी हाच मार्ग घ्या. चिपळूणपासून पंचेचाळीसेक किलोमीटर आहे. आम्ही येताना खासगी गाडी केली, ती महाग पडली आणि आईची पाठ दुखली ती वेगळीच.

आगाऊ पैसे भरायच्या आधी मालकाकडून तीन फोटो मागा: बाहेरचा एक कोपरा अगदी जवळून, पावळीची खालची बाजू, आणि खोलीत पलंगावरून वर बघून काढलेलं छप्पर. समोरून काढलेला, माडांच्या मधला सुंदर फोटो काही उपयोगाचा नाही, आमच्याकडे तसे सहा होते. फोटो पाठवायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे जाऊ नका.

डिसेंबरसाठी आम्ही दापोलीकडे दुसरं घर विचारलं आहे. दर २८०० रुपये. मालकीणबाईंनी काल कोपऱ्याचा फोटो पाठवला. अर्ध्या भागात चुना आहे, अर्ध्यात उघडा चिरा, आणि खालून तिसरा दगड दोन्ही बाजूंना वळलेला दिसतोय. आईने फोन हातात घेऊन तो मोठा करून बघितला आणि म्हणाली, “पैसे पाठव.”