पाच टिप्स आणि एक चूळ

स्क्रिप्ट वाईट नव्हती, हे आधी सांगते. दातांच्या एका डॉक्टरांनी ती स्वतः लिहिली होती, माहिती बिनचूक होती आणि कॅमेऱ्यासमोर त्या बोलतातही छान. तरी रील पडली होती. त्यांचं सोशल मीडिया सांभाळणाऱ्या टीमकडून माझ्यापर्यंत निरोप आला तो एवढाच : 'हुक जरा कडक करून द्या, बाकी सगळं ठीक आहे.' हुक म्हणजे बघणाऱ्याला थांबवणारी सुरुवात. असा निरोप आला की मी बाकीचं सगळं आधी वाचते.

त्याही आधी ग्राफ मागवला. रीलच्या आकडेवारीत एक रेषा मिळते : कितव्या सेकंदाला किती टक्के लोक अजून बघतायत. बहुतेक जण त्यातले पहिले तीन सेकंद बघतात आणि ग्राफ बंद करतात. इथेही सुरुवातीला सरळ कडा होता, निम्म्याहून जास्त लोक तिथेच गेलेले. पण मला खटकला तो पुढचा भाग. कड्यानंतर रेषा हळूहळू उतरायला हवी, इथे ती पायऱ्यापायऱ्यांनी उतरत होती. व्हिडिओ शेजारी लावून बघितलं तर प्रत्येक पायरी 'टीप नंबर दोन', 'टीप नंबर तीन' अशा शब्दांवर पडत होती. म्हणजे सुरुवात सहन करून थांबलेली माणसंही थांबा आला की उतरत होती. नुसता हुक बदलून हे सुटणार नव्हतं.

मूळ सुरुवात अशी होती. आधी लोगो फिरत येतो, दोन सेकंद. मग : 'नमस्कार, मी डॉक्टर अमुक, आमच्या दंतचिकित्सालयात आपलं मनापासून स्वागत. मित्रांनो, आजच्या धावपळीच्या जीवनात आपण दातांच्या आरोग्याकडे नेहमीच दुर्लक्ष करतो. म्हणूनच आज मी तुम्हाला सांगणार आहे निरोगी दातांसाठी पाच सोप्या टिप्स.' घड्याळ लावून वाचून बघा. कितीही भरभर वाचलं तरी लोगोसकट दहा सेकंदांच्या पुढे जातं, आणि तोवर दातांबद्दल एकही गोष्ट कळलेली नसते. पुढे पाच टिप्स : दोन वेळा ब्रश करा, तीन-चार महिन्यांनी ब्रश बदला, दातांच्या फटींत फ्लॉस वापरा, ब्रश झाल्यावर लगेच पाण्याने चूळ भरू नका, हिरड्यांतून रक्त येत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

आता या पाचांना मिळून एक पहिलं वाक्य लिहून दाखवा. 'निरोगी दातांसाठी पाच टिप्स' याखेरीज काहीच लिहिता येत नाही, कारण पाचांमध्ये सामाईक आहे ते फक्त 'दात'. सुरुवात मुळमुळीत होती ती डॉक्टरांना लिहिता येत नव्हतं म्हणून नव्हे. पाच गोष्टींच्या वतीने बोलणारं वाक्य तसंच होतं.

टीममधला एडिटर पोरगा हुशार आहे, हात चांगला आहे, पण त्याला सगळीकडे सस्पेन्स दिसतो. तो म्हणाला, 'ताई, सोपं आहे. "तुम्ही रोज सकाळी ही घोडचूक करताय!" असं टाकू, मागे धडाम असा आवाज. लोक थांबणारच.' थांबतील, तीन सेकंद थांबतीलच. मग पहिली टीप येणार, 'दोन वेळा ब्रश करा', आणि आपल्याला फसवलं हे त्यांना कळणार. असं केलं की कडा नाहीसा होत नाही, पाचव्या-सहाव्या सेकंदावर सरकतो. वर डॉक्टरांचं नाव जातं ते वेगळंच. हा 'ही एक चूक' प्रकार इतका घासला गेलाय की मी तो दिसला की आपोआप अंगठा वर सरकवते, आणि माझा तर हा धंदा आहे.

डॉक्टरांना फोन केला. असं काम करताना मी एक प्रश्न हमखास विचारते : हे बघून माणूस उद्या सकाळी नेमकं काय वेगळं करेल? उत्तर एका वाक्यात हवं आणि त्यात एकच क्रियापद हवं. त्या म्हणाल्या, 'दातांची नीट काळजी घेईल.' मी म्हटलं, हे कॅमेऱ्यात कसं दाखवायचं? मग दुसऱ्या बाजूने गेले. 'डॉक्टर, खुर्चीत बसलेला पेशंट यातलं काय ऐकल्यावर "हो का? हे माहीतच नव्हतं" म्हणतो?' क्षणाचाही विचार न करता त्या म्हणाल्या, 'चूळ.'

म्हणजे पाचांतली चौथी. जुन्या रीलमध्ये ती यायची तोवर पाहायला फारसं कोणी उरलेलं नसायचं.

गंमत म्हणजे त्यांचा स्वतःचा कौल पाचवीला होता. हिरड्यांतून रक्त आलं की लोक तिथे ब्रश लावायचंच सोडून देतात आणि दुखणं वाढवून येतात, त्यामुळे तेच जास्त महत्त्वाचं, असं त्यांचं म्हणणं. वैद्यकीयदृष्ट्या त्या बरोबर होत्या, मी वाद घातला नाही. फक्त एवढंच म्हटलं की त्याची रील वेगळी करू, या रीलमध्ये त्याचा उल्लेखही नको. 'उल्लेखही नको' यावर त्या जरा थबकल्या. जाणकार माणसाला हेच जड जातं. त्यांना प्रत्येक गोष्ट दुसरीला जोडलेली दिसते आणि एक गाळली की अर्धवट सांगितल्यासारखं वाटतं.

निरोप ठरला : ब्रश झाल्यावर फेस थुंका, पाण्याने चूळ भरू नका. त्यानंतर पहिलं वाक्य शोधावं लागलं नाही.

'ब्रश झाला? आता चूळ भरू नका.'

सहा शब्द, अडीच सेकंद. आपण साधारण बोलतो ते सेकंदाला दोन-अडीच शब्द, त्यामुळे पहिल्या तीन सेकंदांत सहा-सातच मावतात. यात 'नमस्कार' बसत नाही, नाव बसत नाही. नाव तर खाली अकाउंटवर लिहिलेलंच असतं.

कोणी विचारेल, सगळं पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं तर माणूस पुढे थांबेल कशाला? टीममधल्या बाईंनीही हेच विचारलं. माझा अनुभव असा की नुसत्या लपवाछपवीपेक्षा पटत नाही अशी सूचना जास्त वेळ धरून ठेवते. चूळ भरणं ही लहानपणापासून अंगवळणी पडलेली गोष्ट. ती करू नका म्हटलं की ऐकणारा मनातल्या मनात भांडायला लागतो : मग तोंडातल्या फेसाचं काय? पुढचं वाक्य नेमकं त्या प्रश्नाचं उत्तर असायला हवं. म्हणून दुसरी ओळ : 'फेस थुंका. सगळा थुंका. फक्त पाणी घेऊ नका.' मग साहजिक पुढचा प्रश्न, का? तेव्हा कारण : 'पेस्टमधलं फ्लोराइड दातांवर थोडा वेळ राहिलं तर किडीपासून वाचवतं. चूळ भरली की तेच धुऊन जातं.' इनॅमल, खनिजं, पीपीएम हे सगळं डॉक्टरांच्या मसुद्यात होतं. मी काढलं. त्यांनी 'इनॅमल' परत घातलं. मी परत काढलं.

दृश्याचा रकाना मी आवाजाच्या आधी लिहिते, कारण कित्येक लोक आवाज बंद ठेवून बघतात. पहिल्या फ्रेममध्ये डॉक्टर क्लिनिकमध्ये उभ्या नकोत. बेसिन, ओठांवर फेस, पाण्याचा ग्लास तोंडापाशी आलेला, आणि 'चूळ भरू नका' या शब्दांवर तो ग्लास खाली ठेवला जातो. कृती अर्ध्यातून सुरू झालेली हवी. नळ सोडण्यापासून दाखवलं तर दोन सेकंद तिथेच गेले. पडद्यावर तेच तीन शब्द मोठ्या अक्षरांत, पण मधोमध किंवा जरा वर. खाली कॅप्शन आणि अकाउंटचं नाव येतं, उजव्या कडेला बटणांची रांग. एडिटरने अक्षरं सवयीने तळाशी लावली होती आणि 'नका' कॅप्शनखाली गेलं होतं. मूळ सल्ल्याच्या बरोबर उलटा सल्ला पडद्यावर!

लोगो शेवटी गेला. यावरून टीममध्ये बरीच चर्चा झाली. ब्रँड आधी दिसलाच पाहिजे, हा आग्रह टीव्हीच्या जाहिरातींतून आलेला आहे, आणि अंगठ्याने पडदा सरकवणाऱ्या माणसापुढे तो टिकत नाही. शेवटचं 'लाईक करा, शेअर करा, फॉलो करा' हेही काढलं. त्याजागी : 'ग्लासभर पाण्याने चूळ भरणारं घरात जे कोणी असेल, त्यांना हे पाठवा.' इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी २०२५च्या जानेवारीत सांगितलं होतं की क्रमवारी ठरवताना बघण्याचा वेळ, लाईक आणि दुसऱ्याला पाठवणं या तीन गोष्टींना सर्वांत जास्त वजन असतं, आणि फॉलो न करणाऱ्या लोकांपर्यंत पोचायचं तर पाठवणं जास्त कामी येतं. पण ते माहीत नसतं तरी मी हेच लिहिलं असतं. तिन्ही विनवण्या एका दमात केल्या की कुणी एकही ऐकत नाही, म्हणजे पाच टिप्सचाच प्रकार पुन्हा.

मूळ रील मिनिटाच्या वर होती, नवी त्याच्या निम्म्याहून लहान. सुरुवातीचा कडा बराच बसका झाला. लोक भांडायला आले, माउथवॉशचं काय म्हणून विचारायला आले. तोही ब्रशनंतर लगेच नको, वेगळ्या वेळी वापरा, असं उत्तर डॉक्टरांनी स्वतः दिलं.

माझ्या डोक्यातून जात नाही ती मात्र दुसरीच जागा. कारण सांगून झाल्यावर डॉक्टरांनी एक वाक्य घालायलाच लावलं होतं : 'लहान मूल थुंकायला शिकलं नसेल तर पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढीच घ्या, आणि ब्रश करताना जवळ उभे राहा.' नव्या ग्राफमध्ये पायरी आहे ती फक्त इथे. ज्यांच्या घरी लहान मूल नाही ते उठून जातात. माझ्या हिशेबाने हा दुसरा निरोप आहे आणि त्याची जागा दुसऱ्या रीलमध्ये आहे. डॉक्टरांच्या हिशेबाने तो पहिल्याच निरोपाचा भाग आहे. 'हे बघून एखादी आई पोराला चूळ भरू देणार नाही आणि पोर पेस्ट गिळेल, ते तुमच्या ग्राफमध्ये दिसणार आहे का?' त्या म्हणाल्या. दिसणार नाही, हे खरं. मी तोडगा सुचवला की वाक्य आवाजातून काढू, थुंकण्याच्या दृश्यावर अक्षरांत ठेवू आणि कमेंटमध्ये वर पिन करू. त्यांनी अक्षरंही घेतली, पिनही केलं, आणि आवाजातलं वाक्य तसंच ठेवलं.

मुलांच्या रीलची स्क्रिप्ट आता लिहायला घेतली आहे. पहिल्या फ्रेममध्ये ब्रश आणि त्यावर तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट. ती रील गेली की पहिलीतलं ते वाक्य काढू या, असं मी त्यांना विचारून ठेवलंय. 'आधी ती किती लोक बघतात ते बघू,' असं त्या म्हणाल्या.