ऑर्डर कुठे येऊन भेटते: आमच्या काजू ड्रायरची वाटचाल

२०११ मध्ये कुडाळ एमआयडीसीत आम्ही शेड घेतली ती काजू कारखान्यांच्या दुरुस्तीच्या कामासाठी. पुढे कुकर, हातापायाने चालणारे कटर आणि मग ड्रायर, अशी यंत्रं स्वतः बनवायला लागलो. ड्रायर म्हणजे आमच्याकडे ज्याला बोरमा म्हणतात तो. कटरवर फोडलेल्या बियांचा गर त्यात साधारण सत्तर अंशांवर सहा ते आठ तास सुकवतात, म्हणजे वरची साल सुटी होते. या एका यंत्राने आम्हाला तीन हंगामांत जे शिकवलं, तेच इथे लिहितो आहे: काय आधीच बनवून ठेवायचं आणि काय ऑर्डर आल्यावर करायचं.

आधी हंगामाविषयी. काजू साधारण फेब्रुवारीच्या अखेरीस सुरू होतो आणि मे संपेपर्यंत चालतो. ज्याला नवीन ड्रायर हवा असतो तो जानेवारी-फेब्रुवारीत चौकशीला येतो आणि त्याला तो मार्चच्या आत हवा असतो. आमचं वर्षभराचं काम या आठ-दहा आठवड्यांत विकलं जातं. त्यामुळे "किती दिवसांत देणार?" या प्रश्नाच्या उत्तरावरच ऑर्डर मिळते किंवा जाते.

२०२१च्या दिवाळीनंतर आम्ही ठरवलं, यंदा यंत्रं आधीच बनवून ठेवायची. यालाच मेक टू स्टॉक म्हणतात. ईआरपीत, म्हणजे ऑर्डरी, खरेदी आणि उत्पादनाचा हिशोब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, आम्ही तयार ड्रायरच्या नावाने अंदाज भरला, दहा नग. सॉफ्टवेअरने त्या अंदाजावरून पत्रा, मोटर, हीटर, सगळ्यांची खरेदी सुचवली आणि जानेवारीअखेर दहा ड्रायर शेडमध्ये उभे राहिले. ज्यांना त्यातलाच हवा होता त्यांना आम्ही दोन दिवसांत पोचवला. गिऱ्हाईक खूश, आम्हीही खूश.

पण आमचा ड्रायर एकच नाही. २४, ४८ आणि ९६ ट्रेचा असे तीन आकार, विजेवर किंवा लाकूड-टरफलावर, आतून रंगवलेला साधा पत्रा किंवा स्टेनलेस, ट्रेची जाळी ॲल्युमिनियमची किंवा स्टेनलेसची. तीन गुणिले दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे चोवीस प्रकार. दहा नगांत चोवीस प्रकारांचा अंदाज बरोबर येणं शक्यच नव्हतं. लोक ४८ ट्रेचा, टरफलावर चालणारा मागायचे आणि आमच्याकडे उभा असायचा तो विजेवरचा. सहा गेले, चार राहिले, आणि ते चार अख्खा पावसाळा शेडमध्ये बसले. कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत साध्या पत्र्याच्या कडांना गंज चढला. हीटरच्या नळीत जी पांढरी पूड भरलेली असते ती ओल धरते. दसऱ्याला मेगर लावला तेव्हा इन्सुलेशनची रीडिंग इतकी खाली आली होती की पूर्ण व्होल्टेज देण्याआधी ते हीटर गरम करून वाळवावे लागले. अडकलेले पैसे वेगळेच.

पुढच्या हंगामात आम्ही अगदी दुसऱ्या टोकाला गेलो. ऑर्डर आणि ॲडव्हान्स आल्याशिवाय पत्रा कापायचा नाही, म्हणजे मेक टू ऑर्डर. ईआरपीतला तयार ड्रायरचा अंदाज काढून टाकला. आता गिऱ्हाइकाच्या प्रत्येक ऑर्डरमागे ते यंत्र बनवायची स्वतंत्र वर्क ऑर्डर निघे, आणि खरेदी केलेला प्रत्येक हीटर त्या-त्या ऑर्डरच्या नावाने बांधलेला असे. हिशोब फार स्वच्छ झाला. मुदत मात्र लांबली. पत्रा यायला सहा दिवस, बॉडी बनवायला आठ, जोडणी, चाचणी आणि पोचवणं पाच. एकोणीस दिवस. हीटर-मोटर बाराएक दिवसांत येतात, म्हणजे बॉडी तयार होण्याआधीच, त्यांचे दिवस वेगळे धरावे लागत नाहीत.

१२ फेब्रुवारी २०२३ ला सावंतवाडीकडच्या एका बचत गटाच्या ताईंनी ४८ ट्रेचा ड्रायर सांगितला. ईआरपीने ३ मार्च तारीख दिली, आम्हीही तीच दिली. ड्रायर पोचला १८ मार्चला. मधल्या पंधरा दिवसांत त्यांचा रोज फोन. "दादानु, काजी घराक इले, ड्रायर कधी येतलो?" गर सुकवायची सोय नाही म्हणून बिया फोडायला सुरुवात करता येईना. शेवटी त्यांनी बरीचशी बी तशीच कच्ची विकली. त्या नुकसानीचं मला अजून वाईट वाटतं, कारण चूक पूर्णपणे आमची होती.

ते पंधरा दिवस गेले कुठे? ते बेंडिंग मशीनच्या रांगेत गेले. आमच्याकडे पत्रा वाकवायचं मशीन एकच, एका बॉडीला त्यावर साधारण दोन दिवस लागतात, आणि ताईंच्या ऑर्डरपुढे सात बॉड्या उभ्या होत्या. ईआरपीतलं साधं एमआरपी, म्हणजे कोणता माल किती आणि कधी लागेल हे काढणारा हिशोब, ही रांग बघत नाही. आयटमच्या पानावर लीड टाइम, म्हणजे बनायला लागणारा वेळ, आठ दिवस लिहिला की ते प्रत्येक ऑर्डरला आठच दिवस धरतं, मग एक ऑर्डर असो की आठ. मशीनची क्षमता अमर्याद आहे असंच ते मानतं. मेक टू ऑर्डरमध्ये हे फार घातक, कारण हंगामात सगळ्या ऑर्डरी एकदम येतात आणि सगळं कापणं-वाकवणं त्याच आठवड्यांत येऊन पडतं. ही अडचण आधी ओळखायची असेल तर एकच गोष्ट बघावी: पत्रा येऊन वर्क ऑर्डर उघडल्याच्या तारखेपासून त्यावर पहिलं काम सुरू होईपर्यंत किती दिवस जातात. आमच्याकडे जानेवारीत ते एक-दोन होते आणि मार्चमध्ये पंधरा. हे आकडे सिस्टीममध्ये होते, आम्ही ते पाहिले नव्हते.

त्या पावसाळ्यात आमच्या मिस्त्रींनी एक प्रश्न विचारला, आणि माझ्या मते आमच्या धंद्याचं वळण तिथे आहे. "साहेब, गिऱ्हाईक काय बदलतं आणि काय बदलत नाही?" कागदावर मांडल्यावर दिसलं की चोवीस प्रकार हे मोजक्याच भागांचे खेळ आहेत. सहा बॉड्या, तापवायचे दोन युनिट, दोन ट्रे, दोन पॅनल. एकूण बारा. हे बारा भाग तयार ठेवायचे आणि ऑर्डर आली की फक्त जोडायचे. हेच असेंबल टू ऑर्डर.

पण ते नुसतं ईआरपीतलं सेटिंग बदलून होत नाही, आधी यंत्र बदलावं लागतं. आमच्या विजेच्या ड्रायरला हीटरचं तोंड बाजूला होतं आणि टरफलाच्या ड्रायरला भट्टीचं तोंड मागे. म्हणजे बॉडी बनवतानाच ठरायचं की ही कुणाला जाणार. आम्ही दोन्हींना मागच्या बाजूला एकाच मापाचं तोंड दिलं, ४५० मिमी चौरस, बोल्टची भोकंही त्याच जागी. ९६ ट्रेच्या बॉडीला अशी दोन तोंडं आणि तीच युनिट दोन. ट्रेचं माप तिन्ही आकारांत एक केलं. या कामाला अडीच महिने लागले, आणि त्याशिवाय बाकीचं काही जमलं नसतं.

आता ईआरपीत अंदाज भरायची जागा बदलली. तयार ड्रायरचा प्रकारवार अंदाज नाही. "या हंगामात २० ड्रायर" एवढंच, आणि खाली एक नियोजनापुरती बीओएम, म्हणजे लागणाऱ्या भागांची यादी, जिच्यात टक्के लिहिलेले. २४ ट्रेचे ८, ४८चे ९, ९६चे ३ धरले. मोठ्याला दोन युनिट लागतात, म्हणून तापवायचे युनिट ८ अधिक ९ अधिक ६, एकूण २३. त्यातले ६५ टक्के विजेचे, म्हणजे १५, आणि टरफलाचे ८. टक्के कधीच नेमके उतरत नाहीत, म्हणून प्रत्येक प्रकाराचे दोन-दोन जास्त धरले, १७ आणि १०. या जादा चार युनिटांत जेवढे पैसे अडकतात, ते न विकलेल्या चार अख्ख्या ड्रायरच्या मानाने फारच थोडे. शिवाय यंदा उरलेलं युनिट पुढच्या वर्षी कोणत्याही आकाराला लागतं.

पहिल्याच महिन्यात एक गडबड झाली, ती सविस्तर सांगतो, कारण ती बहुतेकांची होईल. जानेवारीत सहा ऑर्डरी आल्या, त्यांना मिळून सात ब्लोअर लागणार होते. प्रत्येक युनिटला एक ब्लोअर, म्हणजे २० ड्रायरच्या अंदाजात २३. ईआरपीने गरज दाखवली ३०. अंदाज ड्रायरच्या कुटुंबाच्या नावाने होता आणि ऑर्डरी नेमक्या प्रकारांच्या नावाने, त्यामुळे हे सहा त्या विसांतलेच आहेत हे सॉफ्टवेअरला कळायला मार्ग नव्हता. त्याने दोन्ही बेरजेत धरले. ऑर्डर आली की तेवढा अंदाज खाऊन टाकायला हवा. आता ऑर्डर नोंदली की तिच्या भागांइतका अंदाज आम्ही त्या-त्या भागावरून कमी करतो. ऑर्डरी अंदाजाच्या आत असूनही गरजेचा आकडा हंगामाच्या एकूण अंदाजापेक्षा मोठा दिसला, की दुहेरी मोजणी झाली असं समजावं.

गिऱ्हाइकाला तारीखही आता वेगळ्या रीतीने देतो. पत्र्यापासूनचे एकोणीस दिवस मोजत नाही. लागणारा प्रत्येक भाग मोकळा आहे का ते बघतो: हातातला अधिक येणारा, वजा आधीच कुणाला कबूल केलेला. सगळे मोकळे असतील तर जोडणीचे पाच दिवस. गेल्या हंगामात एकाला ४८ ट्रेचा, स्टेनलेस, विजेवरचा हवा होता. बॉड्या दोन मोकळ्या होत्या, ट्रे भरपूर. विजेची युनिट शेडमध्ये तीन दिसत होती, पण तिन्ही कबूल झालेली, आणि पुढची खेप ५ मार्चला. म्हणून आम्ही १० मार्च सांगितली आणि १० मार्चलाच दिला. शेडमधली तीन युनिट बघून "पाच दिवसांत देतो" म्हणालो असतो, तर कुणातरी दुसऱ्याची तारीख मोडली असती. बॉडी, युनिट, ट्रे आणि पॅनल यांतले तीन भाग हजर असले तरी चौथ्यावाचून ड्रायर उभा राहत नाही, आणि या पद्धतीचं कच्चं अंग तेच आहे.

बेंडिंग मशीन अजून एकच आहे. पण बॉड्या आता ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत वाकवून होतात, मार्चमध्ये त्याच्यापुढे रांग नसते.

सगळंच असं चालत नाही. कोणी आमसुलं सुकवायला ड्रायर मागतो. कोकमाचं आम्ल ॲल्युमिनियम खातं, म्हणून तिथे स्टेनलेस जाळी सक्तीची, हा नियम आम्ही ऑर्डरच्या फॉर्ममध्येच घातला आहे. पण मासळीवाल्याला रुंद ट्रे आणि वेगळी बॉडी हवी असली, तर ते अजूनही मेक टू ऑर्डर. त्याची बीओएम वेगळी आणि तारीख तीस दिवसांपुढची, तीही मशीनवरची रांग बघून.

सुटे भाग मात्र मेक टू स्टॉकच. कटरचं पातं तुटलं की कारखाना थांबतो, तिथे पाच दिवसही कोणी थांबत नाही. हंगामात आठवड्याला सहा जोड्या जातात, यायला दोन आठवडे लागतात, म्हणून बारा आणि वर सहा जादा, साठा अठरा जोड्यांवर आला की नवी खरेदी, हीच रीऑर्डर लेव्हल. हंगाम संपला की ती चारवर आणतो. एका वर्षी ती आणायची राहिली आणि ईआरपीने आषाढात पात्यांच्या खरेदीची मागणी काढली, आम्ही ती न बघता पाठवलीही. तेव्हापासून ३१ मेच्या दिवशी हे काम मी स्वतः करतो.

या ऑक्टोबरसाठी अंदाज २४ ड्रायरचा भरला आहे. टरफलाचा वाटा ३५वरून ४० टक्के केला, कारण गेल्या हंगामात ती युनिट आधी संपली आणि दोन गिऱ्हाइकांना आठवडाभर थांबावं लागलं. पहिल्या सहा बॉड्यांचा पत्रा कालच उतरवून घेतला.